उघडलेली इन्सुलिनची बाटली आणि पेन किती दिवस चालतं? फ्रिज, उन्हाळा आणि तारखेचा घोळ

काटेपूर्णा
मंडळी, अकोल्याहून लिहितोय. घरात दोघांना इन्सुलिन आहे. आईला ३०/७० ची बाटली (४० युनिटवाली, लाल टोपणाची सिरिंज), सकाळी ८ आणि रात्री ४ युनिट. बाबांना ग्लार्जिनचं पेन, रात्री ६ युनिट. दोन्ही वस्तू फ्रिजच्या दारात असतात, आणि कधी उघडल्या ते कोणालाच आठवत नाही. खोक्यावर एक्स्पायरी पुढच्या वर्षाची आहे. मेडिकलवाला म्हणतो "२८ दिवसांनी टाकून द्या". शेजारचे काका म्हणतात, फ्रिजमध्ये असेल तर काही होत नाही.

माझे प्रश्न असे: २८ दिवस मोजायचे कधीपासून? फ्रिजमध्ये ठेवलं की ते थांबतात का? आणि आमच्याकडे मे महिन्यात घरातच ३८-४० असतं, तर "रूम टेंपरेचर" म्हणजे नक्की काय समजायचं?

डोंगरदेवा
काका बरोबर आहेत. एक्स्पायरी छापली आहे ना, तोपर्यंत फ्रिजमध्ये आरामात चालतं. २८ दिवस हे बाहेर ठेवणाऱ्यांसाठी. अर्ध भरलेलं पेन फेकायला लावलं की नवीन खपतं, एवढंच त्यात गणित आहे.

खलबत्ता
अर्धं बरोबर, अर्धं चूक. छापलेली एक्स्पायरी ही न उघडलेल्या आणि सतत २ ते ८ अंशांत राहिलेल्या मालाची. बुचाला पहिली सुई टोचली की ती तारीख मागे पडते आणि माहितीपत्रकातली "वापरात असताना" ही मुदत सुरू होते. दोन्हींपैकी जी आधी संपेल ती खरी. म्हणजे एक्स्पायरीला दहा दिवस उरलेली बाटली आज उघडली तर ती दहाच दिवस चालेल, पुढचे २८ मिळत नाहीत.

कारणं दोन आहेत. बाटलीतून ८ युनिट काढायचे तर आधी तेवढीच हवा आत सोडतो. दिवसाला दोनदा, म्हणजे महिन्यात साठेक वेळा रबराला भोक पडतं आणि दर वेळी थोडी हवा आत जाते. आत मेटाक्रेसॉल किंवा फिनॉल असतं (इन्सुलिनला जो औषधी वास येतो तो त्याचाच), ते जंतूंना आवरतं, पण त्यालाही मर्यादा आहे. दुसरं म्हणजे इन्सुलिन हे प्रथिन. उष्णता, हलवाहलव, हवेशी संपर्क यांनी त्याचे रेणू एकमेकांना चिकटून बारीक तंतू बनतात, आणि चिकटलेलं इन्सुलिन साखर उतरवत नाही. थंडीत हे सावकाश होतं, थांबत नाही. शिवाय भोकं आणि हवा यांवर फ्रिजचा काहीच इलाज नाही. म्हणून उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये परत ठेवलं तरी मोजणी चालूच राहते.

आता मोजायचं कधीपासून? पहिली सुई टोचली तो दिवस, किंवा फ्रिजमधून बाहेर काढून बाहेरच ठेवायला सुरुवात केली तो दिवस, यातला जो आधी येईल तो. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात. जादाचं पेन पर्समध्ये किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून असतं, न उघडलेलं असतं, पण त्याचेही दिवस भरत असतात.

मोगरा_७७
छान माहिती. आम्ही पुढच्या महिन्यात मुलीकडे चाललो आहोत. विमानात इन्सुलिन चेक-इन बॅगेत ठेवलं तर चालेल का? बर्फाच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवणार आहे.

खलबत्ता
@मोगरा_७७ ताई, वेगळा विषय आहे, पण नाही. हातातल्या बॅगेतच ठेवा, सोबत प्रिस्क्रिप्शन. सामानाच्या डब्यात गोठण्याची भीती असते आणि बॅग हरवली तर औषधच जातं. बर्फही थेट लावू नका, मध्ये जाड टॉवेल हवा. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर वरून चांगलं दिसलं तरी वापरायचं नाही.

हडसनकाठ
न्यू जर्सीहून. इथल्या लेबलांवरचे आकडे देतो, कारण "२८ दिवस" हा सरसकट नियम नाही हे त्यावरून लगेच कळतं. ग्लार्जिन (१०० युनिटवालं), लिस्प्रो, अस्पार्ट यांना २८ दिवस. डेग्लुडेकला ५६. साध्या ह्युमन इन्सुलिनच्या बाटलीला एका कंपनीचे ३१ दिवस, दुसरीचे ४२, पण हे ४२ दिवस २५ अंशांखालीच. आणि गंमत पाहा, त्याच ३१ दिवसवाल्या कंपनीचं ७०/३० (तुमच्याकडचं ३०/७०) पेनमध्ये घेतलं तर फक्त १० दिवस! औषध तेच, डबी बदलली की मुदत बदलली.

डोंगरदेवा
म्हणजे माझंच म्हणणं खरं. एक ३१ म्हणते, दुसरी ४२. आकडे मनाचे आहेत.

खलबत्ता
मनाचे नाहीत. कंपनी ज्या बाटलीत, ज्या बुचासह, ज्या तापमानाला आणि जितके दिवस तपासून दाखवते तितकीच मुदत तिला मिळते. ४२ दिवस २५ अंशांखाली दिले आहेत आणि अकोल्यात २५ अंश कुठे शोधणार? म्हणून दुसऱ्या देशाचा किंवा दुसऱ्या ब्रँडचा आकडा आपल्या बाटलीला लावू नये. तुमच्या खोक्यातला घडी घातलेला कागद उघडा, शेवटाकडे साठवणीचा परिच्छेद असतो, त्यात दिवस आणि तापमान दोन्ही दिलेले असतात. तो कागद हरवला असेल आणि काहीच कळत नसेल तर २८ धरून चाला. मात्र ३०/७० सारख्या दुधी प्रीमिक्सचं पेन असेल तर कागद पाहिल्याशिवाय २८ सुद्धा धरू नका, वर १० दिवसांचं उदाहरण आलंच आहे.

सिस्टर_माई
वॉर्डात आणि घरोघरी रुग्णांना शिकवताना जे सांगते ते लिहिते.

तारीख खोक्यावर लिहू नका, खोकं पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं. पेनच्या टोपणावरही नको. घरात दोन पेनं असली की टोपणांची अदलाबदल होते आणि तारीख दुसऱ्याच पेनवर जाऊन बसते. पेनच्या अंगावर, आतलं औषध दिसतं ती खिडकी आणि छापलेली एक्स्पायरी सोडून, कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा आणि त्यावर बॉलपेनने लिहा. शाईचं पेन नको, फ्रिजमधून काढल्यावर घाम सुटतो आणि शाई फुटते. बाटलीला काचेवर, लेबलाच्या मागच्या मोकळ्या पट्टीत.

दोन तारखा लिहा: "उघडली" आणि "टाकायची". एकच लिहिली तर रोज मनात हिशोब करावा लागतो आणि म्हातारी माणसं तो करत नाहीत. २८ दिवसांसाठी सोपी युक्ती म्हणजे वार. रविवारी ३ मेला उघडली तर चार आठवड्यांनी, रविवारी ३१ मेला नवीन उघडायची. ३० मेची रात्र ही जुन्या बाटलीची शेवटची. महिन्याच्या तारखेवर जाऊ नका. ३ मे ते ३ जून धरलं तर तीन दिवस जास्त होतात.

आणि ज्याचं औषध त्याचं नाव लिहा. दोन मधुमेही असलेल्या घरात हे तारखेइतकंच गरजेचं आहे.

काटेपूर्णा
सिस्टर, खूप धन्यवाद, आजच पट्टी लावतो. पण सध्या वापरात असलेल्यांचं काय? पेनच्या खिडकीत साधारण १४० युनिट उरलेले दिसतात. बाटली अर्ध्याच्या खाली आहे. बिल काढून पाहिलं, ३ एप्रिलचं, पण त्या दिवशी दोन बाटल्या आणि दोन पेनं एकदम आणली होती.

खलबत्ता
पेनचा उलटा हिशोब करता येतो. नवीन पेनमध्ये ३ मिलीत ३०० युनिट. १४० उरले म्हणजे १६० गेले. रोज ६ युनिट डोस आणि त्याआधी सुई तपासायला हवेत सोडलेले २, असे ८. १६० भागिले ८ म्हणजे पेन उघडून २० दिवस झाले. खिडकीवरच्या रेषा जाड असतात, त्यामुळे दोन-तीन दिवस इकडेतिकडे धरा. अजून आठवडाभर आहे असं समजा.

बाबा ते २ युनिट सोडतात ना?

काटेपूर्णा
विचारलं. नाही सोडत. "औषध वाया कशाला घालवायचं" म्हणाले.

खलबत्ता
मग हिशोब बदलला. १६० भागिले ६ म्हणजे जवळजवळ सत्तावीस दिवस. मधे एखादा डोस चुकला असेल तर २८ होऊनही गेले. उद्यापासून नवीन पेन घ्या.

आणि त्या २ युनिटांची चैन परवडणारीच आहे. सुईत हवा असेल तर ६ युनिटांमधले २ हवेतच जातात आणि ज्याचा डोसच ६ आहे त्याला ते मोठं नुकसान आहे. तसंही रोज ८ युनिट धरले तर २८ दिवसांत २२४ जातात आणि ७६ उरतात, म्हणजे ते टाकायचेच असतात. वाचवलेले २ युनिट शेवटी कचऱ्यातच गेले. छोट्या डोसचं हे असंच असतं. ज्यांना दिवसाला २४-२५ युनिट लागतात त्यांचं पेन अकरा-बारा दिवसांत संपतं, त्यांना २८ दिवसांचा प्रश्न सहसा पडतच नाही.

बाटलीला रेषा नसतात, तिथे अंदाज नको. आईंचे रोज १२ युनिट, बाटलीत १० मिली म्हणजे ४००. ती अर्ध्याच्या खाली आली म्हणजे किमान १७ दिवस झाले आहेत. किती जास्त झाले ते सांगता येत नाही. नवीन उघडा आणि तारीख टाका. बाटली पेनच्या मानाने स्वस्त आहे.

पांढरीशुभ्र
आमच्या सासूबाईंची साखर महिन्याच्या शेवटी नेहमी वाढते. डॉक्टर डोस वाढवतात, मग पुढच्या महिन्यात एकदम कमी होऊन घाम फुटतो. याचा याच्याशी संबंध असू शकतो का?

सिस्टर_माई
असू शकतो. बाटली शेवटाला आली की सकाळची साखर चढत असेल आणि नवीन बाटली उघडल्यावर दोन दिवसांत उतरत असेल, तर आधी बाटलीवर संशय घ्या. जेवण, आजारपण, एकाच जागी टोचून झालेली गाठ हीही कारणं असतात, म्हणून नुसत्या अंदाजाने ठरवू नका. वहीत साखरेच्या आकड्याशेजारी "नवीन बाटली" असं लिहायची सवय लावा. तीन महिन्यांची वही डॉक्टरांसमोर ठेवली की त्यांना लगेच दिसतं. नाहीतर कमजोर इन्सुलिनवर डोस वाढतो आणि ताज्या बाटलीतून तोच वाढीव डोस गेला की साखर पडते. डोस स्वतःहून बदलू नका, पण बाटलीची तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डोंगरदेवा
बघून कळत नाही का खराब झालेलं?

सिस्टर_माई
कधी कळतं. ३०/७० हे दुधी असतं. तळहातांमध्ये दहा वेळा फिरवा, दहा वेळा सावकाश उलटसुलट करा, खळखळून हलवू नका. तरी तळाशी गोळे राहिले किंवा काचेला आतून पांढरा पापुद्रा, हिवाळ्यात खिडकीवर बाष्प बसतं तसा, चिकटून राहिला तर ती बाटली गेली. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ हवं, किंचितही धुरकट झालं तर टाका.

पण उलट धरू नका. स्वच्छ दिसतं म्हणजे चांगलंच आहे असं नाही. ताकद कमी झालेलं ग्लार्जिनही पाण्यासारखंच दिसतं. म्हणूनच तारीख लागते.

तर्ककर्कश
थोडा विरोध नोंदवतो. "डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स" आणि जिनिव्हा विद्यापीठाने २०२१ साली एक अभ्यास छापला होता. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या घरांत तापमान २५ ते ३७ अंश असं वरखाली होत होतं. तेच तापमान देऊन प्रयोगशाळेत इन्सुलिन चार आठवडे ठेवून पाहिलं, तर त्याची ताकद १ टक्क्याहून जास्त घटली नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्याइतकंच ते चांगलं होतं. मग लेबलवरच्या "३० अंशांखाली ठेवा" या अटीची एवढी धास्ती कशाला?

खलबत्ता
अभ्यास चांगला आहे आणि ज्यांच्या घरी फ्रिजच नाही त्यांच्यासाठी फार कामाचा आहे. वीज सहा तास गेली म्हणून बाटली फेकणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. पण तो चार आठवड्यांचा आहे. त्यातून "उन्हाळ्यात चार आठवडे टिकतं" एवढं म्हणता येतं, "साठ दिवस टिकतं" असं नाही. आणि तिथलं कमाल तापमान ३७. अकोल्यात टिनाच्या छपराखाली दुपारी ४२ असतं, उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. तिथे तो आकडा लागू होत नाही.

तर्ककर्कश
मान्य. पण मग २८व्या दिवशी पेन चांगलं आणि २९व्या दिवशी विष, असंही नाही ना?

खलबत्ता
अजिबात नाही. रविवारी रात्री लक्षात आलं की पेन ३० दिवसांचं आहे आणि मेडिकल बंद आहे, तर डोस चुकवू नका. इन्सुलिन न घेणं हे दोन दिवस जुनं इन्सुलिन घेण्यापेक्षा वाईट, टाइप वनवाल्यांना तर जीवघेणं. आहे ते स्वच्छ दिसत असेल तर घ्या, साखर जास्त वेळा तपासा आणि सकाळी नवीन आणा.

केळशीकर
उन्हाळ्याच्या प्रश्नावर: माठ. एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात झाकणाच्या कोरड्या डबीत बाटली, वरून ओलं फडकं. वाळू दिवसातून दोनदा ओली करायची. बाटली थेट पाण्यात बुडवायची नाही, लेबल निघतं, त्यावरची तारीखही जाते आणि बूच भिजतं. हे विदर्भ-मराठवाड्यात झकास चालतं कारण हवा कोरडी. आमच्या कोकणात किंवा गोव्यात मात्र तेवढा फरक पडत नाही, हवेतच इतका दमटपणा की पाणी वाळत नाही आणि वाळल्याशिवाय गार होत नाही. आत थर्मामीटर ठेवून बघा, डोळे झाकून विश्वास नको.

काटेपूर्णा
माठाचं करून बघतो. पण फ्रिज आहे तर फ्रिजच बरा ना? सिंगल डोअर आहे, वर बर्फाचा कप्पा.

सिस्टर_माई
मग जागा नीट निवडा. बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तिथे रात्रीत गोठतं. न उघडलेला साठा मधल्या कप्प्यात, खोक्यासकट, प्लास्टिकच्या डब्यात. दार दिवसभर उघडझाप होतं म्हणून साठ्याला नको, वापरातल्या बाटलीला चालेल. शंका असेल तर त्याच जागी वाटीत थोडं पाणी ठेवून सकाळी बघा. कडेला बर्फाची पापडी दिसली तर ती जागा बाद. आणि टोचण्याआधी बाटली पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, गार इन्सुलिन झोंबतं.

हडसनकाठ
एक मुद्दा राहिला. ग्लार्जिनच्या पेनच्या लेबलवर स्पष्ट आहे की वापरायला सुरुवात केल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवू नये. बाटलीला ही अट नाही. काटेपूर्णा यांच्या बाबांचं पेन फ्रिजच्या दारात आहे.

खलबत्ता
बरोबर, आणि मला वाटतं हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर २२ अंशांचं घर होतं. पेन गार-गरम होत राहिलं की आतली हवा आकसते-फुगते, सुई लावून ठेवली असेल तर औषध गळतं नाहीतर हवा आत शिरते. दुधी प्रीमिक्समध्ये तर नुसतं पाणी गळून उरलेलं घट्ट होतं. पण खोलीत ४० अंश असेल तर "३० अंशांखाली" आणि "फ्रिजमध्ये नको" या दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. मी मेअखेरपर्यंत फ्रिजच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये, सुई काढून, टोपण लावून ठेवा असं सांगेन.

केळशीकर
मी नाही सांगणार. पेनला माठच. लेबल मोडायचं कारण नाही.

सिस्टर_माई
आमच्याकडे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. एक पाऊस येईपर्यंत फ्रिज म्हणतात, दुसरे अशा घरात उन्हाळ्यापुरतं पेनऐवजी त्याच औषधाची बाटली घ्यायला सांगतात. काटेपूर्णा, बाबांच्या डॉक्टरांना घरातलं दुपारचं तापमान आकड्यात सांगून विचारा. "गरम होतं" म्हटलं की कोणी मनावर घेत नाही. आणि बाटली सुचवली तर सिरिंज कोणती ते तिथेच विचारून घ्या. ग्लार्जिन १०० युनिटवालं असतं, आईंची लाल टोपणाची ४० ची सिरिंज त्याला वापरली तर डोस अडीचपट जाईल.

काटेपूर्णा
हे सिरिंजचं डोक्यातच नव्हतं. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. तोवर नवीन पेन माठात, सुई काढून. थर्मामीटर मागवलाय, आतलं तापमान इथेच कळवतो.